सुंता आणि पुरुषाचा जोम : पुराव्यात काय आढळते?

सभा आटोपून लोक पांगले, की एखादा गडी मागे रेंगाळतो आणि आवाज खाली आणून विचारतो, "भाऊ, पुढची कातडी आवळली आहे म्हणून डॉक्टर सुंता करून घ्या म्हणतात. पण मग जोर तर कमी होणार नाही ना?" हा प्रश्न आम्ही इतक्यांदा ऐकला, की शेवटी त्याचा पाठपुरावा केल्यावाचून राहवले नाही.

लोकांत दोन मते चालतात. एक म्हणते, कातडी गेली की संवेदना बोथट होते. दुसरे म्हणते, त्यामुळेच माणूस जास्त वेळ टिकतो. दोन्ही मते सांगणारे स्वतःचा किंवा मित्राचा अनुभव सांगतात. पण शस्त्रक्रियेपूर्वीचा माणूस आणि दोन वर्षांनंतरचा माणूस यांत कातडीखेरीज इतरही बरेच बदललेले असते. एका खात्यात बोनस दिला आणि उत्पादन वाढले, तर श्रेय बोनसचे की नव्या यंत्राचे? ज्या खात्यात बोनस दिला नाही तिथे काय झाले, हे पाहिल्यावाचून निवाडा करता येत नाही.

असे दुसरे खाते केनियातील किसुमू शहरी झालेल्या प्रयोगात होते. सुंतेने एड्सच्या विषाणूची लागण कमी होते का, हे पाहण्यासाठी 18 ते 24 वर्षांचे 2,784 तरुण निवडले. कोणाची सुंता लगेच करायची आणि कोणाला थांबवायचे, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दैवावर सोडले. त्यामुळे दोन्ही गट सारखे राहिले. याच तरुणांना दोन वर्षे अधूनमधून विचारत गेले : ताठरता येण्यात किंवा टिकण्यात अडचण आहे का, लवकर स्खलन होते का, संबंधात दुखते का, सुख मिळते का. त्याचे निष्कर्ष 2008 साली प्रसिद्ध झाले.

सुंता झालेल्यांत आरंभी शेकडा 23.6 जणांना यांपैकी काही ना काही तक्रार होती. दोन वर्षांनी 6.2 जणांना उरली. एवढेच वाचले तर सुंतेने चमत्कार केला असे वाटेल. पण न झालेल्यांतही तक्रारी शेकडा 25.9 वरून 5.8 वर आल्या! म्हणजे घट सुंतेमुळे नव्हती आणि नुकसानही दिसले नाही. ताठरतेच्या बाबतीत हे समजण्यासारखे आहे. ताठरता येते ती आतल्या पोकळ्यांत रक्त भरल्याने. शस्त्रक्रियेत कापली जाते ती वरची कातडी, त्या पोकळ्या नव्हेत.

संवेदनेबाबत सुंता झालेल्यांपैकी शेकडा 64 जणांनी ती पुष्कळ वाढल्याचे सांगितले. इथे मात्र सावध राहावे. आपली सुंता झाली आहे हे प्रत्येकाला ठाऊक होते आणि ठाऊक असले की मत त्या बाजूला झुकते. म्हणून उपकरणांनी केलेले मोजमाप पाहावे. कॅनडातील किंग्स्टन येथे 62 पुरुषांवर स्पर्श, उष्णता आणि वेदना यांची मोजणी झाली. 2016 साली ती प्रसिद्ध झाली. शिश्नाच्या टोकाच्या संवेदनेत दोन गटांत फरक आढळला नाही. कातडी मात्र हलक्या स्पर्शाला इतर भागांहून तीक्ष्ण ठरली. तेव्हा ती गेल्याने काहीच जात नाही, असे म्हणता येत नाही. तो हलका स्पर्श जातोच. पण माणसे लहान संख्येची होती, हेही ध्यानी ठेवावे.

टिकण्याचे काय? 2005 साली पाच देशांतील सुमारे 500 जोडप्यांच्या पाहणीत घड्याळ लावून वेळ मोजली. तुर्कस्तान वगळता सुंता झालेल्यांचा मध्यवर्ती काळ 6.7 मिनिटे, न झालेल्यांचा 6.0, हा फरक योगायोगानेही पडू शकतो. आणि जिथे सुंता सार्वत्रिक आहे, त्या तुर्कस्तानात तो काळ सर्वांत कमी, 3.7 मिनिटे, निघाला. सुंतेने दम वाढतो म्हणणाऱ्यांनी याचे उत्तर द्यावे.

या पुराव्याला मर्यादा आहेत. किसुमूचे तरुण निरोगी आणि स्वखुशीने आलेले होते. पाहणी दोनच वर्षांची होती. शस्त्रक्रियेनंतर तिथे शेकडा दीड जणांना गुंतागुंत झाली, तीही लवकर बरी झाली. ज्याची कातडी आवळली आहे आणि संबंधात दुखते, त्याला दुखणे जाण्याचा लाभ वेगळाच. मात्र जखम भरेपर्यंत, म्हणजे सुमारे सहा आठवडे, संबंध टाळावा. रात्री आपोआप येणाऱ्या ताठरतेने टाके ताणून दुखते. ते बिघाडाचे नव्हे, जोर शाबूत असल्याचेच चिन्ह. रक्त थांबेना, सूज किंवा पू वाढला, तर मात्र डॉक्टरांकडे जावे.

मागे रेंगाळणाऱ्या त्या गड्याला आम्ही आता सांगतो : दुखण्यासाठी सुंता करायची असेल तर जोराच्या भीतीने अडू नका, आणि जोर वाढावा म्हणून मात्र करू नका.