शंभर बिलांची कसोटी

बिले वाचून आकडे उतरवणारे सॉफ्टवेअर घेण्याआधी कर सल्लागाराच्या कार्यालयाने जुन्या बिलांवरच छोटी चाचणी घ्यावी. त्यासाठी समजा शंभर बिले निवडली: स्वच्छ छापील, पुसट थर्मल पावत्या आणि हाताने लिहिलेलीही. फक्त स्वच्छ बिले घेतली, तर निकाल फसवा येतो.

आधी दोघांनी स्वतंत्रपणे नोंदी करून, फरक मूळ कागदाशी ताडून अचूक उत्तरपत्रिका बनवायची. प्रत्येक बिलात दहा रकाने, म्हणजे एकूण हजार. सॉफ्टवेअरचे तीस चुकले, तर अचूकता ९७ टक्के. पण त्या चुका तीस वेगवेगळ्या बिलांत विखुरल्या, तर निर्दोष बिले सत्तरच! हाताने केलेल्या नोंदीही याच उत्तरपत्रिकेवर तपासायच्या.

वेळेचा हिशेबही पूर्ण हवा. हाताने बिलामागे चार मिनिटे, म्हणजे ४०० मिनिटे. सॉफ्टवेअरसह स्कॅनिंग व तपासणीला दीड मिनिट, शिवाय तीस दुरुस्त्यांना तीन-तीन मिनिटे: एकूण २४०.

जीएसटी क्रमांकात 8 चा B झाला, तर पंधरावे तपासणी-अक्षर बहुधा चूक पकडते. बिलाच्या तारखेला मात्र असा पहारेकरी नाही. ती माणसानेच पाहायची.