उज्जैनच्या हॉटेलातली रात्रपाळी

महाकालेश्वराची भस्म आरती पहाटे चारच्या सुमारास होते, आणि भाविक त्याच्या दोन-तीन तास आधीच उठतात. इतर गावांत रिसेप्शन सामसूम असतं, त्या वेळी उज्जैनच्या लॉबीत रिक्षा आणि गरम पाण्यासाठी फोन खणखणत असतात. ऑक्टोबर २०२२ मध्ये महाकाल लोक खुला झाल्यापासून हा राबता वाढला आहे. नव्याने लागलेल्या मुलाला याच गर्दीत नाइट ऑडिट उरकावं लागतं.

नाइट ऑडिट म्हणजे दिवसाचा हिशेब मिटवून संगणकातली हॉटेलची तारीख पुढे नेणं. आधी भरलेल्या खोल्या हाउसकीपिंगच्या यादीशी ताडायच्या, मग प्रत्येक बिलात भाडं आणि कर चढवायचा, रोख, कार्ड आणि यूपीआयची जमा जुळवायची आणि शेवटी तारीख बदलायची. त्यानंतर जुनी नोंद सहजी दुरुस्त होत नाही. रात्री एकच्या घाईत कुणाला जादा गादी दिली आणि लिहायची राहिली, तर ती बिलात येतच नाही. खोली आवरताना ते उघड होतं, तोवर पाहुणे ओंकारेश्वरच्या वाटेला लागलेले असतात. म्हणून जाणता माणूस खोल्या आधी ताडून ठेवतो आणि तारीख मंडळी आरतीला गेल्यावरच बदलतो.

पगार मात्र सुरुवातीला तुटपुंजा. उदाहरणादाखल, पत्रावर महिना १७,७२० रुपये आहेत असं धरू. त्यात मालकाचा पीएफचा वाटा १,२०० आणि ईएसआयचा ५२० असतो, म्हणजे खरा पगार १६,०००. मूळ वेतन १०,००० असेल, तर आपल्या वाट्याचे पीएफचे १,२०० आणि ईएसआयचे १२० कापून हाती १४,६८० उरतात. खोलीभाडं त्यातूनच. दोन वेळचं जेवण हॉटेलात मिळतं का, यावर महिनाअखेर ठरते.

दोन-तीन वर्षांनी घरच्यांचा धीर सुटतो. श्रावणी सोमवार, महाशिवरात्र, दिवाळी, सगळ्या सणांना ड्यूटी. लग्नाची बोलणी त्यावर अडतात. बरेच जण इंदूरच्या मोठ्या हॉटेलात किंवा विमानतळावर ग्राउंड स्टाफमध्ये जातात. पगार थोडा वाढतो, पाळ्या सुटत नाहीत. माझ्या मते खरा फरक खात्याने पडतो. नुसत्या किल्ल्या देणाऱ्याला पुढेही तेच काम मिळतं. ऑडिट नीट शिकलेल्याला अकाउंट्स किंवा खोल्यांचे दर ठरवणाऱ्या विभागात जागा मिळू शकते, आणि तिथे ड्यूटी बहुधा दिवसाची असते. लहान लॉजमध्ये हा विभागच नसतो, तिथून गाव सोडावं लागतं.

नोकरी घेताना मागच्या श्रावणातला ड्यूटी चार्ट मागावा. साप्ताहिक सुट्टी किती जणांची कापली गेली आणि रात्रीनंतर लगेच सकाळची पाळी कुणाला लागली, हे त्यात दिसतं. सिंहस्थ २०२८ साठी भरती असेल, तर करार मेळ्यानंतर किती महिने चालेल हे लिहून घ्यावं.