पगारदारांनो, रिटर्न भरताना उसाचे बिलही काढा

बारामती-इंदापुरात नोकरी एमआयडीसीत आणि ऊस माळेगावला, सोमेश्वरला किंवा छत्रपतीला, अशी घरे पुष्कळ. शेतीचे उत्पन्न करमुक्त असले तरी ते रिटर्नमध्ये दाखवावेच लागते. अनेक जण इथेच चुकतात. निव्वळ शेती उत्पन्न ५,००० रुपयांच्या वर गेले की आयटीआर-१ चालत नाही, आयटीआर-२ भरावा लागतो.

करावरही फरक पडतो. समजा, नव्या पद्धतीत ७५,००० ची वजावट जाऊन पगाराचे १३ लाख उरले आणि उसाचे, खर्च वजा जाता, २ लाख आले. दोन्ही मिळून १५ लाखांवरचा कर १,०५,००० येतो. त्यातून करमुक्त मर्यादा आणि उसाचे उत्पन्न मिळून होणाऱ्या ६ लाखांवरचे १०,००० वजा करा. कर ९५,००० होतो, अधिक ४ टक्के उपकर. ऊस नसता तर उपकराआधीचा कर ७५,००० असता. नव्या पद्धतीत करपात्र उत्पन्न १२ लाखांच्या आत असेल, तर सवलतीमुळे बहुतेकांना कर लागत नाही.

जवळ ठेवायचे कागद:
- फॉर्म १६. वर्षात नोकरी बदलली असल्यास दोन्हीकडचा
- २६एएस आणि एआयएस
- बँक व पतसंस्थेच्या व्याजाचे दाखले. पतसंस्थेचे व्याज एआयएसमध्ये दिसेलच असे नाही
- आधारशी जोडलेले पॅन, खाते क्रमांक
- कारखान्याची ऊसबिले, खत-मजुरीच्या पावत्या, सातबारा
- जुनी पद्धत निवडल्यास विमा, पीपीएफ, घरभाडे, गृहकर्जाचे पुरावे

२०२५-२६ च्या रिटर्नची मुदत ३१ जुलै २०२६. भरल्यावर ३० दिवसांत ई-व्हेरिफाय करा.