भिंतीत उगवलेला चेहरा

दिवाळी अंकाच्या एखाद्या पानासाठी संगणकाकडून चित्र काढून घ्यायचं आहे असं धरू. वाड्याच्या दारात नऊवारी नेसून बसलेली आजी, शेजारी पितळी समई, मागे पोपडे आलेली भिंत. स्टेबल डिफ्युजनचं 2022 मधलं मॉडेल हे चित्र काही सेकंदांत देतं, पण ते असतं 512 बाय 768 पिक्सेलचं. मोबाइलवर छान दिसतं. छापखान्यात मात्र एका इंचाला 300 पिक्सेल लागतात, म्हणजे आपली आजी जेमतेम पावणेदोन इंच रुंदीत मावते. पूर्ण पानासाठी चित्र चौपट मोठं करायला हवं: 2048 बाय 3072. तेव्हा कुठे ते पावणेसात इंच बाय सव्वादहा इंच होतं.

चौपट म्हणजे जिथे एक पिक्सेल होता तिथे आता सोळा. त्यातल्या पंधरांची माहिती मूळ चित्रात नाही, आणि इथूनच सगळा प्रश्न सुरू होतो. साध्या पद्धतीने ताणलं तर चित्र धुरकट होतं. रिअल-ईएसआरगॅनसारखं मोठं करणारं मॉडेल वापरलं तर कडा धारदार येतात, समईची किनार चकचकीत दिसते, पण आजीच्या गालावर त्वचेऐवजी प्लास्टिक दिसू लागतं. सुरकुत्यांमधल्या बारीक रेषा, लुगड्याच्या सुताची वीण, चुन्याचा खरखरीतपणा हे मुळात नव्हतंच, ते नव्याने काढावं लागतं. नव्याने काढण्याचं काम डिफ्युजन मॉडेल करू शकतं.

मग थेट मोठंच चित्र का काढून घेऊ नये? अडचणी दोन. हे मॉडेल चित्र पिक्सेलमध्ये काढत नाही, दर बाजूला आठपट आक्रसलेल्या एका अंतर्गत रूपात काढतं. 512 बाय 512 चं चित्र आत 64 बाय 64 चं असतं, म्हणजे 4,096 जागा. आपलं मोठं चित्र आत 98,304 जागांचं होतं, चोवीसपट. मॉडेल प्रत्येक जागेची तुलना इतर सगळ्या जागांशी करत असल्यामुळे त्या तुलना 24 गुणिले 24, म्हणजे 576 पट होतात. घरच्या ग्राफिक्स कार्डाची मेमरी तिथेच हात टेकते. दुसरी अडचण पैशाने सुटत नाही. मॉडेल 512 पिक्सेलच्या चौकटीत शिकलेलं आहे, त्यामुळे मोठ्या कॅनव्हासवर ते एकाच चित्राऐवजी चित्रांची भाऊगर्दी करतं. एका आजीच्या दोन आज्या होतात, कधी एकाच धडाला दोन डोकी फुटतात.

म्हणून तुकडे, ज्यांना या कामात टाइल म्हणतात. आधी चित्र साध्या पद्धतीने चौपट मोठं करायचं. मग त्याचे 512 पिक्सेलचे चौकोन पाडायचे. आपल्या चित्रात सहा रांगा आडव्या, चार उभ्या, एकूण 24 टाइल. एकेक टाइल मॉडेलसमोर ठेवायची, त्यात तपशील भरून घ्यायचा आणि परत जागेवर बसवायची. शेजारच्या टाइलशी जुळावं म्हणून प्रत्येक टाइलसोबत चारी बाजूंचा थोडा जास्तीचा भाग दाखवतात आणि कडा एकमेकींत विरवून टाकतात. अल्टिमेट एसडी अपस्केल हे लोकप्रिय साधन हेच करतं. 2023 मधल्या मल्टिडिफ्युजनची रीत वेगळी आहे. त्यात टाइल एकमेकींवर चढलेल्या असतात, सगळ्यांचं काम एकेक पायरीने बरोबरीने पुढे जातं आणि सामायिक भागाची प्रत्येक पायरीला सरासरी काढली जाते. जोड त्यामुळे कमी दिसतात, पण सरासरी म्हटली की थोडा मऊपणा येणारच.

आता खरी मेख. टाइल मॉडेलसमोर ठेवल्यावर तपशील भरायचा म्हणजे नेमकं काय होतं? आधी त्या टाइलवर नॉइज टाकला जातो, जुन्या टीव्हीवर सिग्नल गेला की पडदाभर मुंग्या यायच्या तसा. मग मॉडेल तो नॉइज पायरीपायरीने काढत जातं आणि काढताना खाली काय असावं याचा स्वतःच्या शिक्षणावरून अंदाज बांधतं. नॉइज किती टाकायचा हे पडद्यावरची Denoising strength ही पट्टी ठरवते, शून्य ते एक. शून्याला काहीच बदलत नाही, एकला मूळ चित्र पुरतं बुडतं. 20 पायऱ्या ठरवल्या आणि पट्टी 0.3 ला ठेवली, तर शेवटच्या सहाच पायऱ्या चालतात.

नॉइज चित्रावर सगळीकडे सारखाच पडतो, पण सगळं एकाच वेळी बुडत नाही. सर्वात आधी बुडतात बारीक गोष्टी: सुताची वीण, त्वचेची छिद्रं, पोपड्यांच्या कडा. मोठे आकार, म्हणजे डोकं कुठे आहे, सावली कुठल्या बाजूला आहे, हे बऱ्याच नॉइजमधूनही ओळखू येतात. जे बुडालं ते मॉडेल नव्याने काढतं, जे दिसत राहिलं ते पाळतं. त्यामुळे ही पट्टी ‘बदल किती टक्के’ हे सांगत नाही. कुठल्या आकारमानापर्यंतच्या गोष्टी मॉडेलच्या मर्जीवर सोडायच्या, हे सांगते. पहिल्या स्टेबल डिफ्युजन मॉडेलच्या मूळ वेळापत्रकावरून हिशेब केला तर 0.3 ला चित्राचं वजन साधारण 0.77 आणि नॉइजचं 0.64 येतं. 0.5 ला तेच 0.53 आणि 0.85 होतं. पारडं फिरतं ते 0.35 च्या थोडं पुढे. 0.3 आणि 0.4 मधला फरक ऐकायला किरकोळ वाटतो, पण चित्राचा ताबा तेवढ्यात हातातून निसटतो तो यामुळे. एक सावधगिरी मात्र हवी: पायऱ्या पाडण्याची पद्धत बदलली की हे आकडेही हलतात. कारास नावाच्या वेळापत्रकात त्याच 0.3 ला नॉइज बराच कमी पडतो. दुसऱ्याने सांगितलेला आकडा डोळे मिटून उचलू नये.

आपली आजी आधी 0.2 वर चालवू. लुगड्याला किंचित पोत येतो, गाल अजून प्लास्टिकचाच. 0.3 वर सुरकुत्या जिवंत होतात, भिंतीचा चुना खरखरीत दिसतो, चेहरा तोच राहतो. 0.5 वर तपशिलांचा नुसता पाऊस. लुगड्याच्या काठावर कोणी न मागितलेली वेलबुट्टी येते, समईला नक्षी फुटते, आजी दहा वर्षांनी म्हातारी होते. आणि वरच्या उजव्या कोपऱ्यात, जिथे नुसती भिंत होती, तिथे पोपड्यांतून एक छोटा चेहरा बाहेर डोकावतो.

हा भुताटकीचा प्रकार नाही. चोवीसही टाइलना सूचना एकच दिली होती: नऊवारीतली म्हातारी, वाड्याचं दार. भिंतीची टाइल काढताना मॉडेलसमोर फक्त भिंत आहे. आजी पलीकडे आधीच बसली आहे हे त्याला माहीत नाही. त्याला म्हातारी काढायला सांगितलं आहे, म्हणून पोपड्यात नाकासारखा उंचवटा दिसला की ते तिथे म्हातारी काढून मोकळं होतं. 0.3 ला भिंत एवढी ठळक उरते की ही मोकळीक मिळत नाही. 0.5 ला मिळते.

त्यामुळे पहिला उपाय अगदी साधा आहे. मोठं करताना मूळ वर्णन पुसून टाका आणि सगळ्या टाइलना लागू पडेल असं काहीतरी लिहा, उदाहरणार्थ बारीक पोत, नैसर्गिक प्रकाश. दुसरा उपाय कंट्रोलनेटच्या टाइल मॉडेलचा. ते मूळ टाइल शेवटपर्यंत मॉडेलच्या डोळ्यांसमोर धरून ठेवतं, त्यामुळे पट्टी 0.5 च्या आसपास नेली तरी भिंत भिंतच राहते. पण यालाही मर्यादा आहे. दारावरच्या पाटीसारखी अक्षरं मूळ चित्रात अर्धवट असतील तर ती यातून सुधारत नाहीत, अगम्य आकड्यावळणांची आणखी ठसठशीत रेघोटी होते. अक्षरं शेवटी हातानेच बसवावीत.

चेहऱ्याची गोष्ट अजून नाजूक. टाइलची रेघ नेमकी दोन डोळ्यांमधून गेली तर डावा डोळा एका टाइलमध्ये, उजवा दुसऱ्या टाइलमध्ये तयार होतो. दोन्ही आपापल्या परीने सुरेख, पण बुबुळं वेगवेगळ्या दिशेला. कडा कितीही विरवल्या तरी हे दुरुस्त होत नाही, कारण चूक कडेवर नसून नजरेत आहे. अशा वेळी टाइलची जाळी सरकवावी किंवा टाइल एवढी मोठी घ्यावी की अख्खा चेहरा एकीत मावेल. 2023 च्या एसडीएक्सएलसारखी 1,024 पिक्सेलवर शिकलेली मॉडेलं इथे सोयीची पडतात.

चित्र तयार झाल्यावर पहिली नजर सपाट जागांवर टाकावी: भिंत, आकाश, सावली. चौकोनांच्या सरळ रेघा किंवा शेजारच्या चौकोनांतला रंगाचा हलका फरक तिथेच उघडा पडतो. मग मोठं केलेलं चित्र परत 512 बाय 768 वर आणावं, मूळ चित्रावर ठेवावं आणि वरचा थर चालू-बंद करून पाहावा. बारीक पोत लहान करताना विरून जातो, म्हणून दोन्ही चित्रं जवळपास सारखी दिसायला हवीत. चालू-बंद करताना ओठ हलले, नाक सरकलं किंवा भिंतीत कोणी डोळे मिचकावले, तर पट्टी जास्त झाली. 100 टक्क्यांवर मोठं करून कौतुक करत बसण्यापेक्षा ही परीक्षा कितीतरी कठोर आहे.

आणि अख्ख्या चित्राला एकच आकडा लावण्याचा हट्ट कशाला? मला सर्वांत पटलेली रीत अशी: तेच चित्र एकदा 0.25 वर आणि एकदा 0.45 वर चालवायचं, दोन्ही थर क्रिटा किंवा गिंपमध्ये एकावर एक ठेवायचे आणि वरच्या थरावर मास्क लावून हवं ते उघडं करायचं. लुगडं, भिंत आणि जमीन 0.45 ची घ्यायची, कारण चुन्याचा एक पोपडा इकडचा तिकडे झाला म्हणून कोणाचं काही बिघडत नाही. चेहरा, हात आणि समई 0.25 ची ठेवायची. वेळ दुप्पट लागतो, पण कुठे किती नवं काढू द्यायचं हे मग चित्र करणारा ठरवतो, पट्टी नाही.

ही आजी मुळात कोणीच नव्हती, म्हणून तिच्या गालावर नवी सुरकुती उमटली तर ती खोटी ठरत नाही. खऱ्या फोटोचं तसं नसतं. 2020 मध्ये ड्यूक विद्यापीठातल्या पल्स या मॉडेलला बराक ओबामांचा धूसर पिक्सेलांचा फोटो दिला, तर त्यातून एक गोरा माणूस बाहेर आला. तंत्र डिफ्युजनपेक्षा वेगळं होतं, पण जे दिसत नाही ते शिकलेल्या अंदाजाने भरायचं हे दोन्हीकडे सारखंच. घरातल्या जुन्या अल्बममधला पणजोबांचा फोटो मोठा करायचा असेल तर तो चांगल्या स्कॅनरवर जास्त रिझोल्यूशनने स्कॅन करून घ्या. या पट्टीवर 0.4 ला टाकलात, तर फोटो स्वच्छ येईल, पण त्यातला चेहरा पणजोबांचा नसेल.