दादा, यंदा चंद्राला ओवाळलं

दिवाळीत एसटीच्या जादा गाड्या सुटतात, त्या बहिणींना भावाकडे आणि भावांना बहिणीकडे पोचवायला. त्या गाडीच्या स्टिअरिंगवर बसलेला माणूसही कुणाचा तरी भाऊ असतो. गर्दीच्या या दिवसांत त्याला रजा मिळणं कठीण, आणि भाऊबीज म्हणजे तर गर्दीचा कळस. अशा भावाला बहिणीनं काय लिहून पाठवावं?

पहिली अडचण वेळेची आहे. भाऊबिजेच्या सकाळपासून फोनवर निरांजनांची चित्रं आणि तयार शुभेच्छा येऊन पडतात. चालकाला गाडी चालवताना फोन घेता येत नाही. मधल्या स्थानकावर गाडी दहा मिनिटं थांबते, त्यातही चहा पिऊन घ्यायचा असतो. रात्री मुक्कामाच्या गावी गाडी लागली, डबा उघडला, की मग तो निवांत फोन बघतो. म्हणजे बहिणीचा निरोप तेव्हा वाचला जाणार. दुपारी ‘कुठं पोचलास?’ म्हणून विचारलेला प्रश्न रात्री शिळा झालेला असतो आणि लगेच उत्तर दिलं नाही म्हणून त्यालाच चुटपुट लागते. त्यापेक्षा निरोप संध्याकाळी, ओवाळून झाल्यावर लिहावा.

पण भाऊच नाही तर ओवाळायचं कुणाला? याची सोय आपल्याकडे जुनीच आहे. ज्या बहिणीला भाऊ नाही किंवा ज्याला येता आलं नाही, ती चंद्राला ओवाळते. फक्त हा भाऊ फार घाईचा. कार्तिक शुद्ध द्वितीयेची कोर अगदी बारीक असते. सूर्य मावळल्यावर पश्चिमेला, जराशी दक्षिणेकडे, खाली दिसते आणि तास-सव्वा तासात मावळते. त्या बाजूला डोंगर किंवा उंच इमारत असेल तर सापडतच नाही. तबक आधी भरून ठेवावं लागतं : कुंकू, अक्षता, सुपारी, सोन्याची अंगठी, निरांजन. आठ वाजता सावकाश गच्चीवर गेलं तर चंद्र निघून गेलेला असतो.

आता निरोप. समजा, धाकटी बहीण गावी आहे आणि मोठा भाऊ मुक्कामाची गाडी घेऊन गेला आहे. ती असं लिहील :

‘दादा, गाडी लागली की वाच, घाई नाही. साडेसहाला गच्चीवर जाऊन चंद्राला ओवाळलं. वाऱ्यानं निरांजन दोनदा विझलं, शेवटी आईनं पदर आडवा धरला. तुझा पाट मांडला होता, त्यावर पिंट्या जाऊन बसला आणि मामाच्या वाटणीची ओवाळणी मीच घालणार म्हणून अकरा रुपये टाकले. बासुंदी केली होती, ती काही टिकायची नाही. पण चिवडा आणि कडबोळी डब्यात वेगळी काढून ठेवली आहेत. तुळशीच्या लग्नाच्या आत साप्ताहिक सुट्टी मिळेल त्या दिवशी ये, तेव्हा ओवाळीन. उत्तर आज नको, झोप. पहाटे गाडी काढायची आहे तुला.’

यात ‘तुझी खूप आठवण आली’ हे वाक्य कुठंच नाही. ते लिहिलं की वाचणाऱ्याच्या वाट्याला फक्त अपराधीपणा येतो. पाट मांडला होता, एवढं कळलं की आठवण त्याला कळतेच. ‘सगळ्यांचे भाऊ आले, तूच नाहीस’ हे तर मुळीच लिहू नये. ते खरं असतं, पण रजा नाकारणारा तो नसतो. आणि तुळशीच्या लग्नाचा उल्लेख नुसता दिलासा नाही. ते द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंत लागतं, आणि तोवर राहिलेली भाऊबीज अनेक घरांत चालवून घेतात. परतीची गर्दी ओसरल्यावर सुट्टी मिळण्याचा संभवही तेव्हाच जास्त. ‘लवकर ये’ म्हणण्यापेक्षा अशी मुदत दिली की डेपोत सुट्टी मागायला त्यालाही आधार होतो.

या सणाची कथाही कामात अडकलेल्या भावाचीच आहे. यमुना वारंवार बोलवायची आणि यमाला सवड व्हायची नाही. अखेर तो आला तो या द्वितीयेला, म्हणून ही यमद्वितीया. गोष्ट इथं चपखल बसते, पण निरोपात घालू नये. रात्री परक्या गावात एकटा झोपलेल्या चालकाला यमाची आठवण करून देणं कुठल्याच बहिणीला शोभायचं नाही.

राहता राहिली ओवाळणी. हल्ली भाऊ निरोप वाचल्या वाचल्या फोनवरून पैसे पाठवून मोकळा होतो. बहिणीला ते नको असेल तर ‘ओवाळणी तबकातच घ्यायची आहे’ असं आधीच लिहावं. एकदा पैसे आले की ते परत करणं हा भांडणाचा विषय होतो.