एक चिठ्ठी, दोन वह्या

मार्चअखेरीला दोन-तीन शाखांच्या दुकानात एक प्रश्न हमखास निघतो. पुण्याच्या वहीत कोल्हापूर शाखेच्या नावे 5,40,000 रुपये दिसतात, पण कोल्हापूरच्या वहीत पुण्याचे 4,56,000 रुपयेच जमा असतात. पैसे कुणी खाल्लेले नसतात, माल चोरीला गेलेला नसतो, तरीही 84,000 रुपयांचा फरक उरतो. असा फरक बहुतेक वेळा एकाच कागदात सापडतो. एका शाखेतून दुसऱ्या शाखेत माल पाठवताना केलेली स्टॉक ट्रान्सफर नोट दोन्हीकडे वेगवेगळी वाचली गेलेली असते.

ही नोट म्हणजे विक्रीचे बिल नव्हे. मालक तोच राहतो, फक्त मालाची जागा बदलते, म्हणून नफा-तोट्याचा प्रश्नच येत नाही. पुण्यात साठा कमी होऊन शाखेचे खाते नावे पडते. कोल्हापुरात साठा वाढतो आणि पुण्याचे खाते जमा होते. दोन्हीकडचे आकडे सारखे असले की सगळ्या शाखांचा ताळेबंद एकत्र करताना ही खाती एकमेकांना शून्य करतात. सारखे नसले, तर उरलेली रक्कम ताळेबंदात लटकत राहते.

नोट वाचताना आधी क्रमांक पाहायचा, मग तारीख, मग नग आणि एकक, आणि शेवटी दर व रक्कम. क्रमांकाला पहिले स्थान आहे, कारण ताळमेळ त्याच्यावरच बसतो. पुण्याने आपल्या नोटांची यादी द्यावी आणि कोल्हापूरने आपल्याकडे नोंदलेल्या क्रमांकांवर खुणा करत जावे. ज्या क्रमांकावर खूण नाही किंवा जिथे रक्कम वेगळी आहे, तिथेच फरक असतो. नुसत्या रकमा जुळवत बसले तर दिवस जातो.

आपल्या उदाहरणात खूण नसलेली नोट निघाली 147 क्रमांकाची. 28 मार्चला पुण्याहून प्रेशर कुकरचे 10 खोके निघाले. खोक्यात 6 नग, म्हणजे एकूण 60 नग. खरेदीची किंमत नगाला 1,250 रुपये, म्हणून रक्कम 75,000. टेम्पो कोल्हापुरात पोचला 2 एप्रिलला. 31 मार्चच्या रात्री हे कुकर पुण्याच्या साठ्यात नव्हते आणि कोल्हापूरच्याही नव्हते, पण मालकाचे होतेच. अशा मालाला ‘मार्गस्थ माल’ म्हणतात. 31 मार्चला पुण्याच्या वहीत मार्गस्थ माल 75,000 रुपयांनी नावे टाकायचा आणि कोल्हापूर शाखा तेवढ्याने जमा करायची. 1 एप्रिलला ही नोंद उलटवायची. ती दोन्ही शाखांनी केली तर तोच माल साठ्यात दोनदा धरला जातो, म्हणून ती मुख्य कार्यालयानेच करावी. कोल्हापूरने खाते जुळावे म्हणून न आलेला माल 31 मार्चच्या तारखेने आवक दाखवणे तर साफ चूक. त्या दिवशी कुणी गोदाम मोजले तर 60 कुकर कमी भरतील.

आता 9,000 उरले. उरलेल्या फरकाला 9 ने पूर्ण भाग जात असेल, तर आकड्यांची अदलाबदल झाली आहे का, ते आधी पाहावे. 139 क्रमांकाच्या नोटेवर 54,000 होते आणि कोल्हापूरने 45,000 टंकले होते. नग बरोबर असल्यामुळे गोदामातल्या मोजणीत ही चूक दिसली नव्हती. कोल्हापूरने ती दुरुस्त केली आणि दोन्हीकडे 4,65,000 आले.

याच्या उलटी चूकही होते, आणि ती अधिक फसवी असते. समजा, 147 नोंदवताना कुणी ‘10 खोके’ वाचून 10 नग लिहिले आणि रक्कम मात्र 75,000 ठेवली. शाखांची खाती चोख जुळतील, पण साठ्याच्या नोंदीत 50 कुकर कमी राहतील आणि एका कुकरचा दर 7,500 दिसेल. म्हणून रकमेचा ताळमेळ आणि नगांचा ताळमेळ वेगवेगळे घ्यावे लागतात. एक जुळला म्हणून दुसरा सोडता येत नाही.

2 एप्रिलला टेम्पो रिकामा करताना एक खोका फुटलेला निघाला. त्यात एक कुकर कमी होता आणि एकाला पोचा आला होता. विकण्याजोगे नग 58. इथे बहुतेक शाखा आलेल्या 58 नगांचे 72,500 रुपये नोंदवून मोकळ्या होतात, आणि 2,500 रुपयांचा फरक पुढच्या मार्चपर्यंत कुणालाच आठवत नाही. योग्य पद्धत वेगळी आहे. पुण्याचे खाते नोटेप्रमाणे पूर्ण 75,000 नेच जमा करायचे. त्यातले 72,500 साठ्यात घ्यायचे आणि 2,500 ‘वाटेतील तूट’ या वेगळ्या खात्यात ठेवायचे. त्याच दिवशी नोट क्रमांकासह तुटीचा कागद पुण्याला पाठवायचा. बिल्टीवर सही करण्याआधी ‘एक खोका फुटलेला, एक नग कमी’ असा शेरा लिहायचा, नाहीतर वाहतूकदाराकडे भरपाई मागणे अवघड जाते.

मग तुटीचा निकाल लावायचा. कुकर पुण्यातच रॅकवर राहिल्याचे दिसले, तर पुण्याने 1,250 रुपयांची दुरुस्ती नोट काढायची आणि तिच्यावरून दोन्ही शाखांनी नोंद करायची. तो खरोखर हरवला असेल, तर भरपाई वजा जाता तोटा लिहायचा आणि त्या नगावर घेतलेले जीएसटीचे क्रेडिटही परत करायचे. पोचा आलेला कुकर जेवढ्याला विकला जाईल तेवढ्याच किमतीने साठ्यात घ्यायचा. मूळ नोटेवर खाडाखोड कुणीही करायची नाही. फरकाला नेहमी स्वतःचा कागद आणि स्वतःचे नाव हवे.

दरातही एक मेख आहे. काही मुख्य कार्यालये खरेदीच्या किमतीवर थोडी वाढ धरून माल पाठवतात. हेच कुकर 1,375 ने पाठवले असते आणि मार्चअखेर त्यातले 20 कोल्हापुरात शिल्लक असते, तर साठ्यात 2,500 रुपये असे शिरले असते जे अजून कुणी कमावलेलेच नाहीत. वर्षअखेरीला ते वजा करावेच लागतात.

पुणे आणि कोल्हापूर एकाच जीएसटी क्रमांकाखाली असतील, तर या पाठवणीवर कर लागत नाही. डिलिव्हरी चलनाच्या तीन प्रती पुरतात, आणि राज्यांतर्गत ई-वे बिल महाराष्ट्रात एक लाखाच्या वर लागते. शाखा म्हापशाला असती तर गोष्ट बदलली असती. दुसऱ्या राज्यातली नोंदणी कायद्याच्या नजरेत वेगळी व्यक्ती ठरते. मग आयजीएसटी लावून कर बिलच काढावे लागते, आणि ई-वे बिलाची मर्यादा पन्नास हजारांवर येते. तेव्हा शाखेच्या खात्यात दोघांनीही करासकट रक्कम घ्यायची, साठ्यात मात्र कर सोडून. एकाने करासकट आणि दुसऱ्याने कराविना लिहिले, तर प्रत्येक नोटेगणिक फरक वाढत जातो.

हे सगळे मार्चपर्यंत साठवायचे कारण नाही. महिन्याच्या शेवटच्या दिवशी पुण्याने क्रमांकवार जावक यादी पाठवावी. कोल्हापूरने प्रत्येक क्रमांकापुढे आल्याची तारीख, मिळालेले नग आणि नोंदलेली रक्कम भरून ती परत करावी. तारखेचा रकाना कोरा असेल तर माल वाटेत आहे. नग कमी असतील तर तुटीचा कागद मागायचा. रक्कम वेगळी असेल तर नोंद तपासायची. महिन्याभराच्या नोटांसाठी हे काम तासाभराचे असते. त्या वेळी टेम्पोवाला, गोदामातला माणूस आणि माल मोजून घेणारा, तिघांनाही काय घडले ते आठवत असते. वर्षभरानंतर त्यांच्यापैकी कुणालाच आठवत नाही.