दोन स्क्रीन, एकच मोजमाप: xrandr ने मॉनिटर स्केल केल्यावर अक्षरं धूसर का होतात?

समजा, मारेगावातल्या एका डीटीपीच्या दुकानात १५.६ इंची फोर-के लॅपटॉप आहे आणि त्याला २४ इंची साधा फुल एचडी मॉनिटर जोडला आहे. लॅपटॉपवर एका इंचात साधारण २८२ पिक्सेल बसतात, मॉनिटरवर जेमतेम ९२. लॅपटॉपवरची मुंगीएवढी अक्षरं वाचता यावीत म्हणून डेस्कटॉपचं स्केल २०० टक्के केलं, की मॉनिटरवर तीच अक्षरं दुकानाच्या पाटीएवढी दिसू लागतात. लिनक्सवरची जुनी एक्स११ प्रणाली दोन्ही स्क्रीन मिळून एकच मोठा कॅनव्हास धरते आणि त्याला एकच मोजमाप लावते, त्यामुळे हे होतं.

यावर नेहमी सुचवला जाणारा उपाय असा:

```
xrandr --output eDP-1 --mode 3840x2160 --pos 0x0 \
  --output HDMI-1 --mode 1920x1080 \
  --scale 2x2 --pos 3840x0
```

इथली `eDP-1` आणि `HDMI-1` ही नावं प्रत्येक संगणकावर वेगळी असू शकतात. नुसतं `xrandr` चालवलं की आपली नावं दिसतात. `--pos` विसरलं, तर दोन्ही स्क्रीन एकमेकींवर चढू शकतात.

आता मॉनिटरसाठीही ३८४० × २१६० पिक्सेलचं चित्र तयार होतं आणि ते १९२० × १०८० मध्ये दाबून बसवलं जातं. आकार जुळतो. पण कॅनव्हासवरच्या चार पिक्सेलची सरासरी काढून मॉनिटरचा एक पिक्सेल रंगवला जातो, आणि किंमत इथेच मोजावी लागते.

मराठी वाचताना ती शिरोरेघेत दिसते. कॅनव्हासवर शिरोरेघ दोन ओळी जाड आहे असं धरा. त्या दोन ओळी नेमक्या एका जोडीत आल्या, तर मॉनिटरवर एक स्वच्छ काळी रेघ उमटते. एका ओळीने सरकल्या, तर अर्धी शाई वरच्या जोडीत आणि अर्धी खालच्या जोडीत जाते, मग काळ्या रेघेऐवजी दोन राखाडी रेघा दिसतात. अक्षरांच्या कडा पिक्सेलच्या चौकटीत बसवण्यासाठी फॉन्ट यंत्रणेने घेतलेली मेहनतही अशीच वाया जाते. `1.5x1.5` दिलं तर तीन ओळी दोनांत कोंबाव्या लागतात, त्यामुळे एक ओळ ठळक आणि पुढची फिकट असा प्रकार होतो. `--filter nearest` वापरून सरासरी टाळता येते खरी, पण मग मधल्या ओळी सरळ गळतात आणि बारीक रेघा गायब होऊ शकतात.

दोष मॉनिटरचा की स्केलिंगचा, हे ओळखायला एक सोपी युक्ती आहे. मॉनिटरवरच्या धूसर मजकुराचा स्क्रीनशॉट घ्या आणि तो लॅपटॉपच्या स्क्रीनवर उघडा. स्क्रीनशॉट दाबण्याआधीच्या कॅनव्हासचा असतो. तिथे अक्षरं रेखीव दिसली, तर धूसरपणा स्केलिंगमुळेच आला आहे.

दिवसभर मजकूर तपासायचा असेल, तर हा सौदा महागच. वेलँड सत्रात प्रत्येक स्क्रीनला वेगळं स्केल देता येतं. मॉनिटर १०० टक्क्यांवर ठेवला, तर वेलँडसाठी लिहिलेली ॲप्स तिथे थेट त्याच आकारात अक्षरं काढतात, दाबादाबी होत नाही. सध्या कोणतं सत्र चालू आहे, ते `echo $XDG_SESSION_TYPE` सांगतं. एक्स११ वरच राहायचं असेल, तर वरच्या आदेशात `--scale 1x1` आणि डेस्कटॉपला १०० टक्के ठेवून, लॅपटॉपवरच्या एकेका ॲपचे फॉन्ट तेवढे मोठे करावेत.